पाच तारे आणि बाळाचा श्वास

नवजात बाळाच्या घरभेटींचं प्रशिक्षण आम्ही आशाताईंना देतो. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट द्यायची असते. त्या भेटीत वजन, तापमान आणि श्वास बघायचे. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजायचे, आणि तरीही तितकेच आले तर बाळाला लगेच दवाखान्यात पाठवायचं.

त्या दुपारी गटप्रवर्तक ताई आणि मी आदल्या तुकडीचे अभिप्राय चाळत बसलो होतो. कार्यालयाकडून आलेला जुनाच फॉर्म होता. 'श्वास मोजण्याचे सत्र कसे वाटले?' यापुढे पाच तारे, आणि जवळजवळ प्रत्येकीने पाचही रंगवलेले. शेऱ्यात 'छान', 'सर्व समजले', 'जेवण चांगले होते'. ताई म्हणाल्या, "सर, त्या सगळ्या आज बैठकीला आल्यात. विचारून बघायचं का?"

आम्ही भिंतीवर एका बाळाचा व्हिडिओ लावला. त्याचे श्वास आम्ही आधी मोजले होते, मिनिटाला 64. प्रत्येकीने आकडा चिठ्ठीवर लिहायचा. चिठ्ठ्या उघडल्या तर कुणाचे 32, कुणाचे 58, एकीचे चक्क 120. 120 वालीने श्वास आत गेला की एक आणि बाहेर आला की दोन असं मोजलं होतं. 32 वाली अर्ध्या मिनिटावर थांबली होती आणि दुप्पट करायचं राहून गेलं होतं. ती चिठ्ठी मला फार लागली. त्या हिशोबाने जलद श्वासाचं बाळ ठणठणीत ठरलं असतं.

बायका खोटं बोलल्या नव्हत्या. सत्र कसं वाटलं हे विचारलं होतं, आणि ते त्यांना चांगलंच वाटलं होतं. शिवाय शिकवणारा समोर उभा, बाहेर एसटीची वेळ झालेली. अशा वेळी तीन तारे कोण देणार?

मग आम्ही तो प्रश्न मुळापासून बदलला. ताऱ्यांच्या जागी वाक्यं आली:

'बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे झाल्यास आज तुमचं काय होईल? एकावर खूण करा.
— कसे मोजतात ते ऐकलं आहे, स्वतः करून पाहिलेलं नाही.
— करून पाहिलं, पण मध्येच आकडा चुकतो.
— बाळ शांत असेल तर जमतं, हललं की खात्री राहत नाही.
— बाळ हललं तर थांबून पुन्हा मोजते. दुसरीला दाखवू शकते.'

पर्याय ठरवताना कसोटी एकच ठेवली: या खुणेनंतर आम्ही वेगळं काय करणार? पहिल्यावर जास्त खुणा आल्या तर सरावाला वेळच मिळाला नाही, म्हणजे सत्राची आखणी बदलायची. दुसऱ्यावर आल्या तर जोड्या लावून पुन्हा मोजून घ्यायचं. तिसऱ्यावर आल्या तर गटप्रवर्तकांनी त्या तुकडीतल्या आशाताईंसोबत एका घरभेटीला जायचं. 'बऱ्यापैकी जमतं' असाही एक पर्याय आधी लिहिला होता. त्यावर करायचं काय ते सुचेना, म्हणून खोडला.

लिहून द्यायच्या प्रश्नाने जास्त दमवलं. 'काही अडचण आहे का?' यावर उत्तर येतं 'नाही'. 'काय अडचण येऊ शकते?' यावर ऐकीव उत्तरं येतात. शेवटी असं विचारलं: 'गेल्या घरभेटीत श्वास मोजायचे राहिले असतील, तर नेमकं काय झालं होतं?' घडलेली गोष्ट विचारली की हात चालतो. उत्तरं आली: 'घड्याळाचा सेल संपला, दोन महिने सांगते.' 'सासू अंगावरचं काढू देत नाही, गारठा लागेल म्हणते.' 'बाळ रडत होतं, मग तशीच आले.'

सेलचं उत्तर कामाचं, पण निनावी कागदावरून सेल पोचवायचा कुणाला? म्हणून साहित्याच्या तक्रारीची चिठ्ठी वेगळी केली, तिच्यावर नाव आणि उपकेंद्र. मुख्य फॉर्म मात्र बिननावाचा, आणि तो शेवटच्या सत्राच्या आधी भरायचा. त्या वेळी मी खोलीबाहेर थांबतो; फॉर्म ताईसुद्धा हातात घेत नाहीत, खोक्यात पडतात.

तरीही फॉर्ममधून कळतं ते तिला स्वतःबद्दल काय वाटतं एवढंच. चौथ्या पर्यायावर खूण करूनही एखादी 120 मोजू शकते. म्हणून व्हिडिओची चिठ्ठी आम्ही फॉर्मलाच टाचली, आकडा आणि खूण शेजारी शेजारी दिसावेत म्हणून. नंतरच्या तुकडीत चौथीवर खूण आणि आकडा भलताच, अशा काही निघाल्या. कागदावर नाव नव्हतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनाच पोटाची हालचाल बघत, वर आलं की एक, असं पुन्हा मोजायला बसवलं. सासूच्या उत्तरावरून सत्रात एक नवा भागही आला: बाळाला पूर्ण उघडं न करता फक्त पोटावरचं कापड वर सरकवून कसं मोजायचं.