बरा की बारा

"काका, आम्ही `Namaskar, kase ahat?` असं इंग्रजी अक्षरांत विचारतो, तर तुम्ही उत्तर देवनागरीतच काऊन देता? टोमणा मारता का?"

टोमणा नाही बाप्पा. म्हणजे आता नाही, आधी थोडा होता.

बटणांच्या फोनवर मीही `kasa ahes` असंच लिहायचो. एका एसएमएसमध्ये रोमन अक्षरं 160 बसायची, देवनागरी फक्त 70. त्यापुढे दुसऱ्या एसएमएसचे पैसे, आणि समोरच्याच्या फोनवर नुसते चौकोन उमटायचे ते वेगळंच. नवा फोन आला, देवनागरी आली, आणि मी एकदम सोवळा झालो. रोमनमध्ये ळ कुठे आहे, `vel` म्हणजे वेळ की वेल, हे भाषण सक्करदऱ्याच्या चहाटपरीवर सगळ्यांचं ऐकून झालंय. मुद्दा आजही खरा आहे, पण तो मी कुणाला ऐकवत होतो?

माझी भाची चेन्नईत वाढली. मराठी झकास बोलते, शाळेत मात्र तमिळ आणि इंग्रजी. माझी अँजिओप्लास्टी झाली तेव्हा ताईला सांगायचं नाही असं घरात ठरलं होतं, तिचं बीपी वाढतं म्हणून. चौथ्या दिवशी भाचीचा मेसेज आला: `Mama, kase ahat? Phone ka nahi uchlat?` पोरीशी खोटं बोलवेना. पलंगावर पडल्या पडल्या, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, "हे आईला अजिबात सांगू नकोस."

अर्ध्या तासात ताईचा फोन. आधी रडली, मग मला झाडलं. पोरीला देवनागरी वाचताच येत नाही. माझं प्रत्येक उत्तर ती आईला पाठवून वाचून घेत होती, तसंच हेही पाठवलं. इतकी वर्षं माझं "सुखी राहा बेटा" तिला ताईच्या आवाजात पोचत होतं, आणि मला वाटायचं, पोरगी माझं बघून लिपी शिकतेय.

तिने कधी सांगितलं काऊन नाही? लाज वाटली म्हणे. मीही कधी विचारलं नाही.

म्हणून मी बदललो का? तुम्ही नागपूरचे, पाटीवरची देवनागरी वाचतच मोठे झालात. तुम्हाला मी देवनागरीतच लिहिणार, आणि तुम्ही हवं तसं लिहा. अनोळखी माणसाला मात्र पहिलं उत्तर त्याच्याच अक्षरांत देतो. कुरकुरत देतो, पण देतो.

भाचीला तर रोमनमध्येच. परवा तिने परत विचारलं, `Kase ahat?` मी चष्मा लावून लिहिलं, `Mi bara ahe.`

तिचं उत्तर आलं: `12? Kay 12?`