रद्दीचा दर ठरवताना काट्याकडे पाहावे लागले

कोल्हापुरात शाहूपुरीतील एका जाहिरात संस्थेच्या छोट्या कार्यालयाची व्यवस्था मी पाहते. जाहिरात छापून आल्याचा पुरावा म्हणून प्रत्येक वृत्तपत्राचे अंक आमच्याकडे येतात, आणि छापील साहित्याची खोकीही सतत रिकामी होत असतात. त्यामुळे दर दोन महिन्यांनी साधारण १२० किलो रद्दी आणि ८० किलो पुठ्ठा साचतो. नेहमीचे रद्दीवाले रद्दीला ११ रुपये आणि पुठ्ठ्याला ५ रुपये किलो दर देत होते. दर वाढवून मागावा, एवढेच माझ्या मनात होते.

पत्र लिहिण्यापूर्वी मे महिन्यातील खेपेच्या वेळी मी एक गोष्ट करून पाहिली. रद्दीवाले ताणकाट्याला पोते अडकवून वजन करत असत. कार्यालयातील २० लिटरचा पाण्याचा भरलेला जार मी त्याच काट्याला अडकवायला सांगितला. पाणी २० किलो आणि जार पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे काट्याने पावणेएकवीस दाखवायला हवे होते. त्याने पावणेएकोणीस दाखवले. मग दोन जार एकत्र अडकवले, तेव्हाही तूट दोन किलोचीच आली. वजन दुप्पट करूनही तूट वाढली नाही, यावरून काटा शून्यावरच बसलेला नाही आणि प्रत्येक तोलामागे दोन किलो जातात, हे स्पष्ट झाले. वीस-वीस किलोचे दहा तोल झाले की २०० किलोंतले २० किलो हिशेबातच येत नव्हते. रद्दीचे १२ किलो आणि पुठ्ठ्याचे ८ किलो धरले, तर १७२ रुपये होतात. रद्दीचा दर किलोमागे एक रुपयाने वाढवून मिळाला असता, तरी फार तर १२०च रुपये हाती आले असते. म्हणून पत्रात दराइतकेच वजनाबद्दलही लिहिणे मला आवश्यक वाटले.

रद्दीवाल्यांच्या गोदामाचा पत्रव्यवहार त्यांचे चिरंजीव पाहतात, त्यामुळे ईमेल पाठवला. त्यातील मुख्य मजकूर असा होता:

“महोदय, स. न. वि. वि. दर दोन महिन्यांनी आम्ही आपणांस सुमारे २०० किलो माल एकाच खेपेत देतो. यापुढे वृत्तपत्रे सपाट घड्या करून, सुतळीने बांधून आणि खोकी चिकटपट्टी काढून, चपटी करून तळमजल्यावर तयार ठेवू. त्यामुळे आपल्या माणसांचा वेळ वाचेल. हे लक्षात घेऊन रद्दीस १५ रुपये व पुठ्ठ्यास ८ रुपये दर द्यावा, ही विनंती. वजन जमिनीवर ठेवण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर व्हावे आणि त्यावर वैध मापन विभागाच्या पडताळणीचा चालू मुदतीचा शिक्का असावा. ओलाव्यासाठी सरसकट कडता न धरता ओला गठ्ठा दिसल्यास तो बाजूला काढावा.”

काट्यातील तुटीचा उल्लेख मी मुद्दाम केला नाही. आरोप केला असता, तर बोलणे दरापर्यंत पोहोचलेच नसते, आणि काटा बदलला की तो प्रश्न आपोआप सुटणार होता.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. “मॅडम, काटा आणतो, त्याचं काही नाही. पण तुमच्या पेपरला कात्रणं काढलेली असतात. अख्खा पेपर फळवाले पॅकिंगला नेतात, भोकं पडलेला मात्र लगद्यालाच जातो. सगळ्याला पंधरा कसे देऊ?”

हे म्हणणे रास्त होते आणि माझ्या लक्षात आले नव्हते. ग्राहकांच्या फायलींसाठी जाहिराती कापलेली पाने आम्ही अख्ख्या अंकांतच मिसळून ठेवत होतो, आणि त्यामुळे सगळ्याच रद्दीला कापलेल्या कागदाचा दर मिळत होता. मी दोन ढीग वेगळे करण्याचे कबूल केले. अख्ख्या अंकांना १५, कापलेल्यांना पूर्वीचेच ११ आणि पुठ्ठ्याला ७ रुपये ठरले. पुठ्ठ्याचा आठवा रुपया त्यांनी सोडला नाही, आणि पावसाळा तोंडावर असल्याने मीही ताणले नाही. ठरलेले दर त्याच ईमेलला उत्तर म्हणून लिहून मागवले. फोनवरचे बोलणे दोन महिन्यांनी कुणाच्याच लक्षात राहत नाही.

जुलैच्या खेपेत अख्खी रद्दी ९० किलो, कापलेली ३० किलो आणि पुठ्ठा ८० किलो भरला. २,२४० रुपये मिळाले. जुन्या दराने आणि जुन्या काट्यावर याच मालाचे १,५४८ रुपये आले असते. इलेक्ट्रॉनिक काट्यावरही आधी पाण्याचा जार ठेवला; आकडा बरोबर आला.

जिन्याखाली थेट फरशीवर ठेवलेले खोक्यांचे आणखी दोन गठ्ठे मात्र खालून ओले झाले होते. पुठ्ठा दोन बोटांत दाबला की त्याचे पदर सुटत होते. ते ठरल्याप्रमाणे बाजूला काढले. आता जिन्याखाली लाकडी फळ्या टाकल्या आहेत, आणि वाळलेले ते गठ्ठे सप्टेंबरच्या खेपेसाठी त्यांवर ठेवले आहेत.