फोटो एक, साड्या तीन

लग्नसराईच्या तोंडावर नाशिकच्या एका साडीच्या दुकानाचं काम आलं. माहितीपत्रकात तीन चित्रं हवी होती. मॉडेल तीच, पण एका चित्रात ब्लाउजच्या बाह्या कोपरापर्यंत, दुसऱ्यात लाल साडीची हिरवी, आणि तिसऱ्यात सहावारीच्या जागी नऊवारी. मूळ फोटो मीच काढला होता आणि मॉडेल आता परगावी होती. तिला फोन करून काय काय बदलणार ते सांगितलं, व्हॉट्सॲपवर लेखी होकार मागवला, मगच फाइल उघडली. फोटोतल्या माणसाचे कपडे बदलायचे तर त्याला विचारल्याशिवाय मी माउसला हात लावत नाही. कपडे कमी करण्याची मागणी घेऊन येणाऱ्याला तर चहाही विचारत नाही.

दुकानाचे मालक भाऊ शेजारी खुर्ची ओढून बसले. "तिन्ही एका झटक्यात होऊन जातील ना?" म्हणाले. तिन्हींची कामं वेगळी आहेत, म्हणून रस्तेही वेगळे, असं मी सांगितलं. ते त्यांना फारसं पटलेलं दिसलं नाही.

बाह्यांचं काम इनपेंटिंगचं, म्हणजे फोटोचा ठरावीक भागच एआयकडून नव्याने काढवून घेण्याचं. जेवढं बदलायचं तेवढ्यावर मास्क रंगवायचा, बाकीच्या फोटोला धक्का नाही. मास्क फक्त जुन्या बाहीवर देऊन चालत नाही, नवी बाही जिथवर पोचणार तिथवरचा उघडा हातही त्यात यावा लागतो. शिवाय जुन्या बाहीची दंडावर पडलेली सावलीसुद्धा. ती बाहेर राहिली तर नव्या बाहीच्या मधोमध एक काळसर पट्टा उमटतो आणि तो कुठून आला हे शोधण्यात वेळ जातो. सेटिंगमध्ये `Only masked` ठेवलं. त्यामुळे २४ मेगापिक्सेलच्या फोटोतला बाहीभोवतीचा चौकोन कापला जातो, मोठा करून रंगवला जातो आणि परत जागेवर बसतो. जुनं चित्र किती पुसून नवं काढायचं ते `Denoising strength` ठरवतं. ती ०.४ वर ठेवली तेव्हा कापडाचा पोत बदलला, पण बाही आखूडच राहिली, कारण खालचं चित्र अजून जिवंत होतं. ०.८ च्या आसपास ती कोपरापर्यंत उतरली. १ वर नेली तर बाहीचा काठ आणि पाठीचा काठ जुळेना. पदराची कड मास्कमधून वगळली होती, ती मूळचीच राहिली.

बाही लांबवणं सोपं. आखूड करायला सांगितली असती तर फोटोत नसलेला दंड, त्याचा रंग, त्यावरचा तीळ हे सगळं यंत्राने मनाने रचलं असतं. तो दंड मग त्या मुलीचा राहत नाही.

हिरव्या साडीसाठी मी आधी फोटोशॉपमधलं जुनं `Hue/Saturation` लावून पाहिलं. नुसता रंग बदलायचा तर एआयची गरज असतेच असं नाही, हे अजूनही खरं आहे. इथे मात्र जमेना. लाल पोत आणि सोनेरी जर हे रंग इतके शेजारी की लाल निवडला की जरही हिरवी पडत होती. आणि लाल रेशमाची झाक मॉडेलच्या हातावर आणि हनुवटीखाली पडलेली, ती तशीच राहत होती. हिरव्या साडीवर लाल झाक दिसली की फोटो खोटा वाटतो, का वाटतो ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही.

म्हणून सूचना देऊन बदल करणारं एआय मॉडेल घेतलं, फ्लक्स कॉन्टेक्स्ट. यात मास्क नाही, साध्या वाक्यात सांगायचं:

```
Change the red saree to bottle green silk. Keep the gold border, face, pose, jewellery and background exactly the same.
```

पदर, निऱ्या, खांद्यामागून डोकावणारा तुकडा, सगळीकडे हिरवा पोचला. हातावरची लाल झाकही गेली. भाऊ खूश. मी ते चित्र मूळ फोटोवर ठेवून लेयर `Difference` मोडवर टाकला. दोन चित्रं सारखी असतील तिथे त्यात काळं दिसतं. चेहऱ्यावर करड्या रेषा होत्या, म्हणजे डोळे आणि ओठ किंचित बदलले होते. "बाकी तसंच ठेव" असं लिहिलं तरी हे मॉडेल पूर्ण चित्र नव्याने काढतं, आपण सांगितलेलं पाळण्याचा फक्त प्रयत्न करतं. वर ते चित्र साधारण एक मेगापिक्सेलचं. मोरांच्या काठाची जागा सोनेरी गिचमिडीने घेतली होती.

त्यावर उपाय असा की त्या चित्रातला फक्त रंग उचलायचा. मोठं करून मूळ फोटोवर बसवलं, लेयर `Color` मोडवर टाकला, चेहरा आणि केस मास्कने झाकले. आता रंग नवा, पण घडी, जर आणि काठावरचे मोर मूळ कॅमेऱ्यातले. कर्व्हजने साडी थोडी गडद केली. दुसरा बदल करायचा झाला तर पुन्हा मूळ फोटोपासूनच सुरू करायचा. बदललेल्या चित्रावर बदल चढवत गेलं की कातडी मेणासारखी होते.

दिवसाचा खरा वेळ नऊवारीने खाल्ला. सहावारीत पाय झाकलेले, नऊवारीत काष्टा घातला की पायांची आकृतीच वेगळी, घोटे उघडे, जमिनीवरची सावली वेगळी. शरीराची बाह्यरेषा बदलली की इनपेंटिंग अडतं. कमरेखाली मास्क दिला तर त्याने घेरदार परकर काढला. सूचना दिली तर मधोमध चिरलेली साडी आली. उरलं नव्याने चित्र काढणं. त्यासाठी मूळ फोटोतून ओपनपोज या साधनाने फक्त शरीराच्या ठेवणीचा सांगाडा घेतला. डेप्थ मॅप, म्हणजे कुठला भाग जवळ आणि कुठला लांब ते दाखवणारा नकाशा, मुद्दाम घेतला नाही, कारण त्यात जुन्या साडीचा आकार असतो आणि तोच पुन्हा उमटतो.

चित्र देखणं आलं. भाऊंनी ते घरी काकूंना पाठवलं. काकू दुकानात नवरीला नऊवारी नेसवून देतात. त्यांचा लगेच फोन आला, "अहो, हे धोतर आहे! निऱ्या कुठायत? आणि मागे खोचलंय काय, काहीच नाही!" चूक त्यांना दिसली, मला दिसली नव्हती. एआय मॉडेलने नऊवारीचे फोटो फार पाहिलेले नसावेत, म्हणून ते धोतर आणि सलवार यांच्या मधलं काहीतरी देत होतं. शब्द बदलून हे सुटणारं नव्हतं.

मग उलट बाजूने गेलो. काकूंनी दुकानातल्या पुतळ्याला नऊवारी नेसवली, मी मूळ फोटोसारखाच डावीकडून उजेड लावून त्याच उंचीवरून फोटो काढला. आता मास्क कापडावर नाही, कापड सोडून बाकी सगळ्यावर. कापड खरं, माणूस नवा. हात, पाय, मागची भिंत नव्याने काढवून घेतली. मान आणि चेहरा मूळ फोटोतून आणून बसवला आणि गळ्याचा सांधा छोट्या इनपेंटिंगने मिटवला. हातांचा रंग चेहऱ्यापेक्षा उजळ आला होता, तो हाताने उतरवला. एका मनगटावरच्या बांगड्या एकमेकींत मिसळल्या होत्या, तेवढ्या जागेवर वेगळा मास्क देऊन पुन्हा काढल्या. काकूंनी या वेळी फक्त नथ जरा वर घ्यायला सांगितली.

भाऊंना मग वाटलं, हीच चित्रं वेबसाइटवर साड्यांच्या किमतीसह टाकावीत. बाह्यांचं आणि नऊवारीचं ठीक आहे म्हटलं, नऊवारीतली साडी तर दुकानातलीच. हिरव्या साडीला मी नाही म्हणालो. त्या रंगाचा नग त्यांच्याकडे नव्हता, आणि माझ्या हिरव्याचा विणकराच्या मागावरच्या हिरव्याशी काही संबंध नाही. येवल्याहून हिरवा नग आला की तो पुतळ्यावर नेसवून त्याचाच फोटो काढू, असं ठरलं. माहितीपत्रकात त्या चित्राखाली बारीक अक्षरात 'चित्र प्रातिनिधिक' छापलं गेलं.