एकच डॉक, बाहेर गाड्यांची रांग: शिरोलीत केलेला हिशेब

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी डिस्पॅच सांभाळतो. कास्टिंगच्या पॅलेट फोर्कलिफ्टनं गाडीत चढवायच्या आणि गाडी पुण्याकडं किंवा बेळगावकडं रवाना करायची. डॉक एकच आहे. ड्रायव्हरांची तक्रार ठरलेली असायची, "सायेब, तास तास नंबर लागंना." मालकांचं म्हणणं वेगळं होतं. डॉक दिवसातला पाचवा हिस्सा मोकळा दिसतो, मग गाड्या थांबतात कशा? दुसरा डॉक बांधायचा की नाही हे यावरच ठरणार होतं, म्हणून मी आकडे काढायला बसलो.

गेट रजिस्टरमध्ये फक्त 'इन' आणि 'आउट' वेळ होती. त्यातून गाडी किती वेळ थांबली आणि किती वेळ भरत होती हे वेगळं करता येत नाही. वॉचमनमामांना सांगून आणखी दोन रकाने आखून घेतले: डॉकला लागली कधी, डॉक सोडला कधी. भरण्याचा वेळ म्हणजे नुसती फोर्कलिफ्टची कामगिरी नव्हे. गाडी रिव्हर्स घेणं, ताडपत्री सोडणं, माल बांधणं आणि कागदांसाठी उभं राहणं हे सगळं त्यात धरावं लागतं, कारण तेवढा वेळ दुसरी गाडी लागू शकत नाही.

सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळेत तासाला सरासरी 2.4 गाड्या येत होत्या, म्हणजे दर 25 मिनिटांनी एक. दोन गाड्यांमधल्या अंतराचं प्रमाण विचलन, म्हणजे अंतर सरासरीपासून साधारण किती मागंपुढं होतं तो आकडा, तोही जवळपास तेवढाच निघाला. गाड्या कुणी ठरवून न पाठवता आपापल्या येतात, याची ही बऱ्यापैकी खूण. भरायला सरासरी 20 मिनिटं लागत होती आणि त्याचं प्रमाण विचलन 10 मिनिटं होतं. डॉकचा वापर 2.4 × 20 ÷ 60, म्हणजे 80 टक्के. मालकांची नजर बरोबर होती.

थांबण्याच्या वेळेसाठी पोलाचेक-खिंचिन सूत्र वापरलं. यात `Wq` हा थांबण्याचा सरासरी वेळ, `S` हा भरण्याचा सरासरी वेळ, `ρ` हा डॉकचा वापर आणि `c` म्हणजे प्रमाण विचलन भागिले सरासरी, आपल्याकडे 0.5.

```
Wq = ρ/(1−ρ) × (1+c²)/2 × S
   = 4 × 0.625 × 20 = 50 मिनिटं
```

पाचवा हिस्सा मोकळा असूनही 50 मिनिटं! मोकळा वेळ असतो तेव्हा गाडी नसते आणि गाड्या येतात त्या घोळक्यानं. गेलेला मोकळा वेळ साठवून ठेवता येत नाही. लिटलच्या नियमानं पडताळलं: तासाला 2.4 गाड्या गुणिले 50 मिनिटं, म्हणजे रांगेत सरासरी दोन गाड्या. गेटबाहेर उभ्या गाड्या मधूनमधून मोजल्या, तेव्हाही सरासरी दोनच्या आसपासच आली.

सूत्रात खरा जोर `1−ρ` मध्ये आहे, म्हणून भरण्याचा वेळ कुठं जातो ते डॉकवर उभं राहून पाहिलं. माल बांधून झालेली गाडी इनव्हॉइस आणि ई-वे बिलासाठी तशीच डॉकवर उभी राहायची. क्लीनर ऑफिसात जाऊन कागद घेऊन येईपर्यंत फोर्कलिफ्टवाला हात बांधून बसलेला. आम्ही ठरवलं की माल बांधला की गाडीनं पुढं वजनकाट्याजवळ जाऊन थांबायचं, कागद तिथंच मिळतील. एका गाडीमागं साधारण चार मिनिटं वाचली. वेळ 16 मिनिटं, वापर 64 टक्के. `c` तेवढाच राहिला आणि थांबण्याचा वेळ 18 मिनिटांवर आला. रजिस्टरवर वीस-बावीस मिनिटं दिसतात. चार मिनिटांच्या बचतीनं साधारण अर्धा तास थांबणं कमी झालं. हे कागदावर दाखवल्यावर मालकांनी दुसऱ्या डॉकचं अंदाजपत्रक बाजूला ठेवलं.

संध्याकाळी पाच ते आठ हा हिशेब मात्र चालत नाही. रात्रीच्या रस्त्याला लागायचं म्हणून सगळ्यांना तेव्हाच भरून हवं असतं आणि तासाला चार गाड्या येतात. 16 मिनिटांच्या वेगानं डॉक तासाला पावणेचारच गाड्या भरतो. वापर शंभराच्या वर जातो, सूत्र थांबण्याचा वेळ उणे दाखवतं. उणे उत्तर आलं की समजायचं, इथं स्थिर सरासरी नाहीच, येणाऱ्या गाड्या कमी केल्याशिवाय रांग हटणार नाही. म्हणून कागल आणि गोकुळ शिरगावला जाणाऱ्या जवळच्या गाड्यांना सकाळी दहाच्या आत बोलावायला लागलो. आता संध्याकाळी तासाला तीन येतात, वापर पुन्हा 80 टक्के आणि सूत्रानं थांबणं 40 मिनिटं. तेही मला जास्तच वाटतं. पुढची पाळी पुण्याच्या गाड्यांना वेळ वाटून देण्याची आहे, आणि त्यासाठी ट्रान्सपोर्टवाल्यांशी बोलणं चालू आहे.