हिंगणघाटचे वर्तुळ

आमच्या तालुक्यातील कापूस-वाहतुकीच्या बैठकीसाठी मी विदर्भातील काही निवडक शहरांच्या लोकसंख्येचा नकाशा तयार करत होतो. आकडे 2011 च्या जनगणनेचे होते आणि शहर जितके मोठे तितके त्याचे वर्तुळ मोठे काढायचे होते. त्रिज्या थेट लोकसंख्येच्या प्रमाणात घेतली तर नागपूर वर्ध्याच्या साडेबावीस पट न दिसता पाचशे पट दिसेल, कारण डोळा क्षेत्रफळ पाहतो, हे मला ठाऊक होते. म्हणून QGIS या नकाशे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये क्षेत्रफळावर आधारलेली `Surface` पद्धत निवडली आणि निर्धास्त झालो.

छापील प्रत टेबलावर पसरली तेव्हा हिंगणघाटचे एक सहकारी बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, "साहेब, वर्धा आमच्या हिंगणघाटच्या दुप्पट होय काजी?"

दोन्ही आकडे मी काढून पाहिले. वर्धा 1,06,444 आणि हिंगणघाट 1,01,805, म्हणजे फरक पाच टक्क्यांहूनही कमी. पट्टी लावली तर हिंगणघाटच्या वर्तुळाचा व्यास 3 मिलिमीटर आणि वर्ध्याचा साधारण साडेचार भरला. क्षेत्रफळात वर्धा सव्वादोन पट मोठे झाले होते, आणि ते पद्धत योग्य निवडूनही.

चूक आकारांच्या सीमांत होती. संगणकाने यादीतील सर्वांत लहान आकडा, म्हणजे हिंगणघाटचा, आरंभबिंदू धरला होता आणि त्याला मी दिलेला किमान आकार, 3 मिलिमीटर, बहाल केला होता. नागपूरला (24,05,665) कमाल 38 मिलिमीटर मिळाले. क्षेत्रफळ प्रमाणात ठेवायचे तर व्यास आकड्याच्या वर्गमूळावरून ठरतो, पण येथे वर्गमूळ लोकसंख्येचे नव्हे, तर हिंगणघाटपेक्षा जास्त असलेल्या लोकसंख्येचे काढले जात होते. वर्गमूळाचा आलेख शून्याजवळ फार उभा चढतो, म्हणून अवघ्या साडेचार हजार माणसांच्या फरकाने व्यास दीड मिलिमीटरने वाढला. लहान शहरांची तुलना नेमकी याच टोकाला बिघडते. मोठ्या शहरांकडे पाहून ती कधीच कळत नाही.

मी `Values from` आणि `Size from` दोन्ही शून्य केले, कमाल आकडे तसेच ठेवले. आता वर्धा 8.0, हिंगणघाट 7.8 आणि अमरावती 19.7 मिलिमीटर झाले. मोठी वर्तुळे माणसाला प्रत्यक्षाहून लहान वाटतात, म्हणून ती थोडी फुगवणारी `Flannery` पद्धतही तेथे आहे, परंतु ती मी घेतली नाही. कोणी पट्टी घेऊन मोजू लागला तर त्याला क्षेत्रफळ आकड्याशी जुळलेलेच सापडावे, असे मला वाटते. त्याऐवजी कोपऱ्यात 1, 5 आणि 20 लाखांची नमुना-वर्तुळे दिली.

7.8 आणि 8 मधला फरक मात्र डोळ्याला कळत नाही, म्हणून प्रत्येक नावाखाली लोकसंख्या लिहिली आणि दुसरी प्रत आधी त्याच सहकाऱ्यांच्या हाती दिली.