चार वाजता पाणी येणार, पण कुठे?

“चार वाजता पाणी येणार असे लिहिले आहे, पण कुठे येणार?” असे सातव्या मजल्यावरच्या आजींनी आज सूचनाफलकासमोर मला विचारले, आणि ती सूचना मीच लिहिलेली असूनही मला चटकन उत्तर देता आले नाही.

उद्या सकाळी 10 ते दुपारी 4 मुख्य वाहिनी बंद राहील, हे खरे. परंतु चार वाजता पाणी येईल ते जमिनीखालच्या टाकीत. तिथली पातळी पुरेशी वाढल्याशिवाय पंप लावता येत नाही, कारण कोरडा चालला तर तो बिघडतो. टाकीला एक तास आणि त्यानंतर आमच्या पंपाला गच्चीवरची टाकी निम्मी भरण्यास आणखी एक तास धरला, तर घरातील नळ सहाच्या आधी सुरू होणार नाही.

उलट सकाळी दहा वाजता कोणाचाच नळ बंद पडणार नाही, कारण वरची टाकी भरलेली असेल. ती दुपारी अचानक संपेल, आणि फसगत नेमकी तिथेच होते.

म्हणून मी सूचना बदलली: नऊपर्यंत पिण्याचे पाणी आणि शौचालयासाठी दोन बादल्या भरून ठेवाव्यात, कोरडा नळ उघडा ठेवून बाहेर जाऊ नये, आणि सायंकाळी सुरुवातीला येणारे गढूळ पाणी फिल्टरमध्ये न सोडता बादलीत धरावे.

आजींनी ती पुन्हा वाचली आणि विचारले, “मग वरच्या ओळीत अजून चारच का?”