आमची वाटचाल : फुटाला एक सूत

वॉटरप्रूफिंगच्या धंद्यात आम्ही १९९६ पासून आहोत. आम्ही म्हणजे मी आणि मेस्त्री. पैसे मी घातले, हात मेस्त्रींचा. कागदावर भागीदारी कधी झाली नाही, पण मेस्त्रींनी नको म्हटलेलं काम मी आजवर घेतलेलं नाही. घेतलं ते एकदाच, आणि तेच इथे सांगणार आहे.

तेव्हा आमच्याकडे अवजारं तरी काय होती? थापी, रंधा, ओळंबा, दोरीचा गुंडा, पाणसळ आणि चाळीस फुटांची पारदर्शक लेव्हल नळी. ही नळी म्हणजे मेस्त्रींचा जीव. पाणी भरताना एक बुडबुडा आत राहिला तर ते शिव्या देत पुन्हा सगळी रिकामी करायला लावायचे. आज साइटवर लेझर आहे, माझा मुलगा वापरतो. पण मेस्त्री आले की कोपऱ्यातली नळी काढून लेझरची लेव्हल तपासतात आणि मुलगा तोंड फिरवून हसतो.

गच्चीच्या उताराचा मेस्त्रींचा हिशेब एकच होता: फुटाला एक सूत. इंचाची आठ सुतं, म्हणजे आठ फुटांना एक इंच उतार. इंजिनीयर याला साधारण १:१०० म्हणतात. आउटलेटपासून चोवीस फुटांवरचा कोबा आउटलेटपेक्षा तीन इंच उंच हवा. कोब्यासाठी विटांचे तुकडे उभे लावण्याआधीच दोऱ्या बांधून ही उंची ठरवायची. वरच्या गुळगुळीत थरात उतार 'काढून देतो' म्हणणाऱ्याला जिन्यावरूनच परत पाठवा.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि गच्चीला उतार असतो हे मुंबईला आठवलं. पुढची पाच-सहा वर्षं काम भरपूर मिळालं. टेम्पो घेतला, दोन टोळ्या झाल्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२०१२ साली दादरच्या एका सोसायटीचं काम आलं. गच्ची २,४०० चौरस फूट, डाउनटेक म्हणजे पावसाचं पाणी खाली नेणारे पाइप चार. त्यातला एक कुणाच्या तरी ग्रिलमागे गेला होता आणि वर्षानुवर्षं बंद होता, म्हणजे चालू तीनच. ताशी शंभर मिलिमीटर पाऊस धरला तर चार इंची उभा पाइप साधारण साडेचारशे चौरस फुटांचं पाणी नेतो. त्या हिशेबाने सहा पाइप हवेत. मेस्त्री म्हणाले, "साहेब, पाइप वाढवत नसतील तर हे काम नको." मी घेतलं, कारण टेम्पोचे हप्ते होते. आणि कोटेशनमध्ये एक ओळ टाकली, जिचा पश्चात्ताप अजून आहे: 'आउटलेट व पाइपचे काम सोसायटीच्या प्लंबरकडे.' तेवढी रक्कम कमी झाली आणि काम आम्हाला मिळालं.

जुना कोबा फोडून स्लॅब उघडा केला, भेगा भरल्या, नवा कोबा घातला, पॅरापेटच्या बुडाशी फूटभर उंच गोलसर वाटा केला. मे महिन्यात आउटलेट बंद करून तीन दिवस पाणी भरून ठेवलं. खालच्या एकाही खोलीत थेंब नाही. कमिटीने सही केली. रक्कम २ लाख ६० हजार, त्यातले चाळीस टक्के पावसानंतर द्यायचे ठरलं होतं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. वरच्या मजल्यावरच्या एका हॉलमध्ये बीमजवळ ओल आली होती. आम्ही गेलो, वर सगळीकडे पाणीच पाणी, पाऊस थांबेना. ओल आली होती ती जागा आउटलेटपासून अकरा फुटांवर. तिथला कोबा ठोकून पाहिला, आवाज टणक. काहीच सापडेना.

मग कमिटीने दुसऱ्या एकाला बोलावलं. त्याचं नाव लिहीत नाही, त्याला फुकट जाहिरात कशाला? त्याने वर पाहिलंही नाही. सिमेंट कमी टाकलंय म्हणाला आणि दहा वर्षांच्या वॉरंटीवर पांढरं कोटिंग मारून द्यायचं ठरवलं. आमचे १ लाख ४ हजार अडकले. त्याहून वाईट म्हणजे हा माणूस त्याच गल्लीत दोन सोसायट्यांमध्ये आमचं नाव घेऊन फिरला आणि आमची ठरलेली दोन कामं गेली. टेम्पो विकला. सिमेंटवाल्याच्या दुकानासमोरून जायचं टाळायचो. मेस्त्रींनी चार महिने पगार मागितला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "नळी आहे ना अजून आपल्याकडे."

त्या इमारतीत बँकेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. तेव्हा कमिटीत नव्हते. पुढच्या वर्षी, २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये, त्यांनी स्वतः फोन केला. "तुम्ही या आणि एकदा नीट बघा. पैशांचं मला माहीत नाही."

गेलो. पांढरं कोटिंग बऱ्याच जागी चांगलं होतं, पण एका आउटलेटभोवती पापुद्रे निघाले होते, आणि निघाले होते ते एका आकारात, भरतीची रेषा उमटावी तसे. आत फुगे, फोडला की ओला चिखल. अशी बरीचशी अ‍ॅक्रिलिक कोटिंग्ज पाण्याखाली आठवडेच्या आठवडे राहिली की मऊ पडतात. शिवाय खालचा कोबा आधीच भिजलेला. ऊन पडलं की आतली वाफ वर यायला बघते आणि कोटिंगला उचलते. काकांनी वॉरंटीचा कागद आणला. पाणी साचणाऱ्या जागेला हमी नाही, असं त्यात खाली बारीक अक्षरांत होतं. असं जवळपास सगळ्याच कागदांत असतं. सही करण्याआधी वाचत चला.

मेस्त्रींनी बादल्या ओतायला लावल्या आणि पाणी थांबेल तिथे खडूने रेघ मारली. रेघ आउटलेटपासून बरोबर सहा फुटांवर आली. आउटलेटवरची जाळी काढली तेव्हा सगळं समजलं. सोसायटीच्या प्लंबरने आमची चाचणी झाल्यानंतर, मेच्या शेवटी, जुना बिडाचा पाइप बदलून पीव्हीसी टाकला होता. वरून पाइप घुसवला आणि त्याची कॉलर कोब्याच्या वर तशीच ठेवली. पट्टी लावली, सहा सुतं. उतार फुटाला एक सूत, कॉलर सहा सुतं उंच, म्हणजे पाणी सहा फूट मागेपर्यंत थांबणारच. पाऊण इंच भरल्याशिवाय एक थेंबही पाइपात जात नव्हता. उतार आमचा बरोबरच होता, आणि बरोबर होता म्हणूनच हिशेब इतका नेमका जुळला.

पण नुसतं साचलं म्हणून गळत नाही. कॉलर बसवायला प्लंबरने तोंडाभोवतीचा कोबा फोडला होता आणि नुसतं सिमेंट कालवून भोक बुजवलं होतं. ते सुकताना आकसलं आणि पाइपाभोवती केसाएवढी फट राहिली. पाणी वाहून गेलं असतं तर प्रत्येक सरीनंतर त्या फटीला दहा-पंधरा मिनिटं पाणी मिळालं असतं. साचलं म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत मिळत राहिलं. आत शिरलेलं पाणी कोब्याच्या विटांमधून सरकत गेलं, आणि स्लॅबमध्ये कच्ची जागा मिळाली ती अकरा फुटांवर, बीमजवळ. म्हणून सांगतो, छतावर ओल दिसते त्याच्या डोक्यावर खणू नका. ओल कुठूनही आलेली असते.

काकांच्या शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये छताला पांढरे खडूसारखे सुळके लोंबत होते. काँक्रीटमधला चुना पाण्याबरोबर उतरतो आणि हवेत घट्ट होतो, तो हा. गिलावा ठोकला तर बद्द आवाज. काढला तेव्हा दहा मिलिमीटरची सळई गंज खरवडल्यावर कॅलिपरमध्ये साडेआठ भरली. ओल आणि हवा दोन्ही मिळाली की सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो खालचं काँक्रीट आतून ढकलून पाडतो. मग लोक खालून प्लास्टर करून घेतात, रंग लावतात, आणि दोन पावसांत तो तुकडा जेवणाच्या टेबलावर पडतो. आधी वरचं पाणी थांबवा, स्लॅब सुकू द्या, मग खालची दुरुस्ती करा. क्रम उलटा केला तर पैसे दोनदा जातात.

आणखी एक. साचलेल्या पाण्याच्या वजनाने स्लॅब पडेल, अशी लोकांना भीती असते. शंभर चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे सुमारे २३५ किलो. पण तेवढ्याच जागेवरचा साडेचार इंची कोबा दोन टनांच्या आसपास भरतो, आणि हेच लोक जुना न फोडता त्यावर दुसरा कोबा घालायला सांगतात. त्याने आउटलेटचं तोंडही खोल विहिरीसारखं होतं आणि कोणीतरी मग त्यात कॉलर उभी करतो.

दुरुस्ती आम्ही फुकट केली, हे कमिटीच्या मिनिट्समध्ये लिहिलेलं नाही म्हणून इथे लिहितो. आउटलेटभोवती दोन फूट बाय दोन फूट कोबा स्लॅबपर्यंत कापला. पाइप कॉलरसकट काढला आणि नवं आउटलेट आजूबाजूच्या कोब्यापेक्षा अर्धा इंच खाली, बशीसारख्या खोलगट भागात बसवलं. भोवती न आकसणारा ग्राउट भरला आणि वॉटरप्रूफिंगचा थर पाइपाच्या तोंडात बोटभर आत वळवला. खोलगट जागी वरून पातळ सिमेंट ओढून पाणी 'ढकलायचं' मेस्त्रींनी साफ नाकारलं. पातळ थराच्या कडा उन्हात उचलतात, आणि त्याच्या खाली पाणी गेलं की पुन्हा तेच. ग्रिलमागचा पाइप उघडला आणि पॅरापेटला दोन नवे जोडले. आता सहा आहेत.

शेवटी पाणी भरलं आणि सोडलं. लोक चाचणी म्हणजे पाणी भरून खाली गळतंय का एवढंच बघतात. त्यात उतार कळत नाही. उतार कळतो पाणी सोडल्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी वर जा आणि ओलं राहिलंय तिथे रुपयाचं नाणं ठेवा. नाणं बुडालं तर ती जागा नोंदवून ठेवा. पावसानंतर दोन दिवसांनीही पाणी असेल तर मेस्त्रीला बोलवा, कोटिंगवाल्याला नाही. आणि मेच्या शेवटी प्रत्येक पाइपात एक बादली ओतून खाली कान लावा. पाणी घरंगळत खाली आलं पाहिजे. गुडगुडलं तर आत कबुतराची पिसं, पतंगाचा मांजा नाहीतर पिंपळाचं रोप आहे. त्या रोपाला वरून छाटू नका, मुळासकट काढा.

काकांनी पुढे आम्हाला आणखी सात इमारती मिळवून दिल्या. २०१४ नंतरचं सगळं ठीक आहे, दोन टोळ्या पुन्हा झाल्या, मुलगा आला. मेस्त्री आता फक्त मोठ्या कामांना येतात. काका पहिल्या मोठ्या पावसानंतर न चुकता फोन करतात. "नाणं कोरडं आहे," एवढंच सांगतात. काका मध्यंतरी सेक्रेटरीही होऊन गेले, तरी मी दरवर्षी विचारतो, "काका, ते एक लाख चार हजार?"

"कमिटीत विषय मांडतो," म्हणतात.